दुकानात क्यूआर स्कॅन करून पैसे देणे: ज्येष्ठांसाठी अगदी सावकाश, एक एक पडदा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी फोनवरून पैसे देण्याचा सराव घेते. आधी बँकेत काउंटरवर होते, त्यामुळे लोक कुठे अडतात ते ओळखीचं आहे. बहुतेकांना ॲप येतं, पण ऐन वेळी गडबड होते. मागे रांग असते, दुकानदार "झालं का काका?" विचारतो आणि घाईत नको ते दाबलं जातं. म्हणून हा धागा फक्त एका व्यवहारापुरता ठेवते. औषधाचं दुकान, बिल 385 रुपये, काउंटरवर क्यूआरचा स्टिकर आणि आपल्या हातात फोन. तिकिटं, विमा, गुंतवणूक हे काही इथे नको.

आधी घरची तयारी. ॲप कोणतंही चालेल. भीम हे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं स्वतःचं ॲप आहे आणि ते मराठीतही चालतं. ॲप फोनमधल्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्यायचं, कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फाइलवरून कधीच नाही. ॲप पहिल्यांदा सुरू करताना ते तुमच्या फोनमधून स्वतःच एक एसएमएस पाठवतं. तुमचं सिम आणि बँकेतला नंबर एकच आहे ना, याची ती खात्री असते. बरेच जण इथेच अडकतात, कारण रिचार्ज संपलेला असतो आणि सिमवरून एसएमएस बाहेरच जात नाही. फोनमध्ये दोन सिम असतील तर बँकेत नोंदवलेलंच सिम निवडायचं. त्यानंतर डेबिट कार्डाचे शेवटचे 6 आकडे आणि त्यावरची मुदत, किंवा मग आधारवर येणारा ओटीपी, यातल्या एका मार्गाने यूपीआय पिन ठरवता येतो. तो बँकेनुसार 4 किंवा 6 आकडी असतो.

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तुमच्याकडे आता तीन वेगवेगळे आकडे झाले. फोनचं कुलूप उघडायचा, एटीएम मशीनमध्ये टाकायचा आणि यूपीआयचा. तिन्ही वेगळे ठेवा. फोनचं कुलूप घरातल्या नातवालाही माहीत असतं, म्हणून तोच आकडा यूपीआयला ठेवू नका. जन्मसालही नको. ओटीपी हा चौथा प्रकार. तो दर वेळी नवा येतो, आणि आपण दुकानात करणार आहोत त्या व्यवहाराला तो लागतच नाही. दुकानात पैसे देताना कोणी "काका, ओटीपी सांगा" म्हणालं, तर तो माणूस दुसरंच काहीतरी करतोय.

आता दुकानात. बिल हातात घ्या आणि रक्कम वाचा. मग फोनमध्ये काहीही न करता दुकानदाराला विचारा, "स्कॅन केल्यावर नाव काय येतं?" हे आधी विचारायचं. आपण आधी नाव वाचून "हे तुमचंच ना?" विचारलं, तर गर्दीत तो न बघताच हो म्हणतो. त्याच्या तोंडून नाव आधी येऊ द्या. दुकानाचं नाव एक आणि खातं मालकाच्या किंवा त्याच्या बायकोच्या नावाने, असं सर्रास असतं. त्यात वावगं काही नाही, फक्त त्याने सांगितलेलं आणि पडद्यावरचं जुळलं पाहिजे.

आता ॲप उघडा आणि स्कॅनचं बटण दाबा. फोन स्टिकरपासून वीतभर लांब धरा. फार जवळ नेला की कॅमेऱ्याला दिसत नाही. चौकोन पकडला की नाव येतं. 30 जून 2025 पासून ॲपला इथे बँकेत नोंदवलेलंच नाव दाखवावं लागतं, तुम्ही फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव नव्हे. काही ॲपमध्ये ते `Banking name` अशा शब्दांपुढे येतं. स्टिकरवर दुसरा स्टिकर चिकटवलेला असेल तर तो या क्षणी पकडला जातो, कारण कागदावर काहीही छापता येतं, पण हे नाव बँकेतून येतं.

मग रक्कम. 3, 8, 5. बस. पुढे 00 लावायची चेकवरची सवय इथे सोडा. दशांश चिन्ह न देता 00 लावलं की 38500 होतात. पुष्कळ ॲप खाली रक्कम अक्षरी दाखवतात, ती वाचा. दुकानदाराच्या मशीनवर क्यूआर उमटला असेल तर रक्कम आधीच भरलेली येते, तेव्हा ती बिलाशी ताडून बघा.

पुढे गेलात की पिनचा पडदा येतो. वर तुमच्या बँकेचं नाव, कोणाला देताय आणि किती देताय हे असतं, खाली आकड्यांची पाटी. या पडद्यावर हात खाली घ्या. नाव वाचा, रक्कम वाचा, मगच पिन टाका आणि बरोबरची खूण दाबा. इथपर्यंत आलेलं सगळं मागे घेता येतं. मागे जायचं बटण दाबलं तरी एक पैसा जात नाही. खूण दाबल्यानंतर मात्र पैसे लगेच जातात आणि ते ओढून परत आणायचं बटण कुठल्याच ॲपमध्ये नाही. म्हणून पिन टाकताना फोन आडवा धरू नका, अंगाजवळ धरा, आणि "द्या मी करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात फोन देऊ नका.

हिरवी खूण आली की दुकानदाराकडे आवाज येईपर्यंत थांबा. काही शंका असतील तर विचारा, घाई नाही.

आण्णा_मिरज

ताई, फार छान आणि सावकाश लिहिलंत. एक भर घालतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे सगळ्यांनी पाठ करावं. आणि आता तर ती पैसे मागण्याची रिक्वेस्ट बंदच झाली आहे, ऑक्टोबर 2025 पासून. त्यामुळे "रिक्वेस्ट स्वीकारा, पैसे मिळतील" ही फसवणूक आता इतिहासजमा झाली. ज्येष्ठांनी आता निर्धास्त राहायला हरकत नाही.

कृष्णाकाठ

आण्णा, पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर. दुसऱ्यात अर्धं खरं आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवणं बंद झालं. पण त्या बदलात व्यापाऱ्याकडून येणारी मागणी बंद झाली नाही. आणि फसवणारे रिक्वेस्टवर कुठे अडून राहिले? ते आता क्यूआरचं चित्र पाठवतात. जुना सोफा विकायला काढलात, समोरचा म्हणतो, "मी लष्करात आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील." क्यूआर स्कॅन करणारा नेहमी देणारा असतो. घेणारा फक्त दाखवतो. व्यवहार करताना पडद्यावर पिन मागितला की पैसे तुमच्या खात्यातून बाहेर निघतात. आत येण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

अबोली

माझ्या सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न असा: पैसे कापल्याचा मेसेज आला आणि दुकानदार म्हणाला, "आले नाहीत", तर? मागच्या महिन्यात त्यांचं असंच झालं. दुकानदार चांगला होता, पण मागचे लोक कुरकुरायला लागले, म्हणून त्यांनी परत स्कॅन करून परत पैसे दिले. संध्याकाळी दोन्ही कापलेले दिसले. आता त्या फोन घ्यायलाच तयार नाहीत.

कृष्णाकाठ

अबोली, सासूबाईंना सांगा की हे आमच्याकडच्या निम्म्या लोकांचं झालं आहे. आता आपलं 385 चं उदाहरणच पुढे नेते.

पिन टाकला, चाक फिरत राहिलं आणि पडद्यावर `Processing` किंवा `Pending` आलं. हा अर्धवट अवस्थेतला व्यवहार आहे. तो पुढे यशस्वी होईल किंवा उलटेल. ही अवस्था असताना दुसऱ्यांदा स्कॅन करायचं नाही, एवढं एक पाळा. ॲपमध्ये इतिहास किंवा `History` नावाची जागा असते, तिथे जाऊन तो व्यवहार उघडा. तिथे त्या व्यवहाराची ओळख सांगणारा 12 आकडी यूटीआर नंबर दिसतो. त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, नाहीतर दुकानदारालाच त्याच्या फोनने त्याचा फोटो काढू द्या. औषध लागणारच असेल तर रोख द्या आणि बिलावर त्याच्याकडून लिहून घ्या, "385 रोख मिळाले, ऑनलाइन आल्यास परत". ओळखीचा दुकानदार हे आनंदाने करतो. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते, खिशात थोडी रोकड असू द्या.

आता ते कापलेले 385. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. दुकानाला पैसे देताना खात्यातून कापले गेले पण दुकानाला पोच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. व्यक्तीला पाठवलेले असतील तर दुसऱ्याच दिवशी. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची, आणि ती तुम्ही अर्ज न करताही. म्हणजे समजा, सोमवारी संध्याकाळी अडकले तर शनिवारपर्यंत वाट बघा, तोवर रोज पासबुक बघत जीव टांगणीला लावायचं कारण नाही. शनिवारनंतरही आले नाहीत तर ॲपमधल्या त्याच व्यवहाराच्या पानावर तक्रारीचं बटण असतं, ते दाबा, किंवा यूटीआर नंबर घेऊन शाखेत जा. शाखेत नंबर दाखवला की पुढचं काम सोपं होतं. "मंगळवारी केव्हातरी गेले होते" असं सांगितलं की शोधायला वेळ जातो.

सासूबाईंचं प्रकरण मात्र थोडं वेगळं. तिथे दोन्ही व्यवहार यशस्वी झाले असतील तर बँक काही उलटवणार नाही, कारण बँकेच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही. ते पैसे दुकानदाराकडे आहेत. दोन्ही यूटीआर घेऊन दुकानात जा. तो त्याच्या फोनमध्ये दोन नोंदी बघेल आणि परत करेल.

एक अगदी महत्त्वाचं: अडकलेल्या पैशांसाठी गूगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधू नका. तिथे फसवणाऱ्यांनी स्वतःचे नंबर टाकून ठेवलेले असतात. तुम्ही स्वतःहून फोन करता, त्यामुळे संशय येत नाही. मग तो म्हणतो, "एक ॲप टाका, मी तुमचा फोन बघून दुरुस्त करतो." त्या ॲपने तुमचा पडदा त्याला दिसायला लागतो. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा.

जुना_टपालवाला

मी आयुष्यभर मनीऑर्डरी वाटल्या. पैसे हातात मोजून द्यायचे आणि सही घ्यायची. आमच्या वाडीत रेंज एका कोपऱ्यात येते आणि माझा फोन बटणांचा आहे. मला स्मार्टफोन घ्यायचा नाही. माझ्यासाठी या धाग्यात काही आहे का, की मी नुसताच वाचतोय?

कृष्णाकाठ

काका, आहे ना. बटणांच्या फोनवरून `*99#` लावा. इंटरनेट लागत नाही, फक्त फोनची रेंज लागते. बँकेत नोंदवलेलं सिम हवं आणि डेबिट कार्ड हवं. पहिल्यांदा बँक निवडून पिन ठरवायचा. त्यानंतर पडद्यावर क्रमांक घातलेली यादी येते आणि पैसे पाठवायला त्यातला आकडा दाबायचा. ज्याला द्यायचे त्याचा मोबाइल नंबर टाकला की नाव येतं. इथेही तोच नियम, नाव वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत जातात. अडचण एवढीच की यादी थोड्या वेळात निघून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणून नंबर आणि रक्कम आधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा.

पण दुकानातला क्यूआर या फोनने होत नाही. दुकानदाराचा मोबाइल नंबर मागून घ्यावा लागेल, आणि पुष्कळ दुकानदार तो द्यायला खळखळ करतात.

जुना_टपालवाला

आमचा दुकानदार देईल. तो माझ्याच हातून त्याच्या बापाची मनीऑर्डर घ्यायचा. रविवारी त्या कोपऱ्यात उभा राहून बघतो.

सांजवात

मला वेगळंच विचारायचं आहे. मला रात्री मेसेज आला, "मागील महिन्याचे बिल अपडेट नाही, आज रात्री 9.30 ला वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा." मी घाबरून फोन लावला. त्याने 10 रुपये भरायला सांगितले आणि एक लिंक पाठवली. तेवढ्यात मुलगा आला म्हणून थांबले. म्हणजे मी यूपीआयने वीजबिल भरूच नये का? तुमच्या पद्धतीने पाहिलं तर 10 रुपयेच जाणार होते.

कृष्णाकाठ

मुलगा वेळेवर आला, बरं झालं. 10 रुपये हे नुसतं आमिष असतं. लिंकवरून एखादी फाइल फोनमध्ये उतरते, तिच्या नावाच्या शेवटी `.apk` असतं. ती बसली की तुमचे एसएमएस त्याला वाचता येतात, म्हणजे ओटीपीसुद्धा. किंवा लिंकच्या पानावर कार्डाचे आकडे भरायला लावतात. एसएमएस आणि कार्ड दोन्ही हाती आलं की तो तुमचा व्यवहार तुमच्याशिवाय करू शकतो. दंडाची पावती, लग्नपत्रिका, बँकेचं केवायसी, नावं बदलतात पण फाइलची पद्धत तीच.

वीजबिल जरूर भरा, फक्त मेसेजमधून नाही. ॲप तुम्ही स्वतः उघडा, बिलांच्या भागात वीज निवडा, महावितरण निवडा आणि कागदी बिलावरचा 12 आकडी ग्राहक क्रमांक टाका. बिलिंग युनिट विचारलं तर तेही बिलावरच आहे. मग तुमच्या घरच्या ग्राहकाचं नाव आणि रक्कम पडद्यावर येते. नाव तुमचं नसेल तर एखादा आकडा चुकला आहे.

तो नंबर ब्लॉक करा. आणि लिंक उघडून काही फाइल उतरली होती का, ते मुलाकडून बघून घ्या.

रानवारा

मी बंगळुरूत नोकरीला, आई नाशिकला एकटी. मला वाटतं या वयात त्यांना पिनच द्यायचा नाही. मी यूपीआय सर्कल सुरू केलं आहे. माझं खातं मुख्य, आई त्यात जोडलेली. ती स्वतःच्या फोनने स्कॅन करते आणि पैसे माझ्या खात्यातून जातात. महिन्याला 15,000 च्या वर जाऊच शकत नाही, एका वेळी 5,000. आईच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याला कोणी हात लावू शकत नाही. हे इतकं सोपं असताना सगळ्यांना एवढं शिकवायची काय गरज?

कृष्णाकाठ

पद्धत चांगली आहे आणि तुम्ही सांगितलेल्या मर्यादा बरोबर आहेत. त्यातच दुसरा प्रकारही आहे, ज्यात आईने स्कॅन केल्यावर प्रत्येक वेळी तुमच्या फोनवर विचारणा येते आणि पिन तुम्ही टाकता. पण तुम्ही मीटिंगमध्ये असाल तर आई काउंटरवर उभी. त्यामुळे तुम्ही निवडलेला पहिला प्रकारच व्यवहारात चालतो.

पण एक लक्षात घ्या. रक्कम मर्यादित झाली, तरी चुकीच्या माणसाला पैसे जाणं थांबत नाही. नाव वाचायचं काम आईलाच करावं लागणार. शिवाय जिचा मुलगा जवळ नाही, किंवा जिला मुलाकडून पैसे घ्यायचे नाहीत, अशा पुष्कळ जणी आमच्या वर्गात आहेत. त्यांना स्वतःचं खातं स्वतः वापरायचं आहे.

रानवारा

हे मान्य, पण मला तरी पटत नाही. 78 वर्षांच्या बाईवर पडदे वाचायची जबाबदारी टाकणं मला जड वाटतं.

अबोली

माझ्या सासूबाई 76 च्या आहेत आणि त्यांना मुलाच्या खात्यातून भाजी आणायची नाही. त्या म्हणाल्या, "मग मी काय आणलं ते त्याला रोज दिसणार." तो मुद्दाही आहेच.

आण्णा_मिरज

मग सरळ उपाय. पेन्शनचं खातं जोडूच नका. दुसरं छोटं खातं उघडा, त्यात 5,000 ठेवा आणि तेच ॲपला जोडा. गेले तर 5,000 जातील. मी असंच केलंय, आता काळजीच नाही.

कृष्णाकाठ

आण्णा, हा सल्ला मीही देते, आणि देताना दोन गोष्टी तपासून घ्यायला सांगते.

एक, त्या छोट्या खात्याला ऑटो स्वीप आहे का? काही बँका खात्यातली जास्तीची रक्कम आपोआप ठेवीत टाकतात आणि खातं रिकामं झालं की ठेव मोडून पैसे परत खात्यात आणतात. तसं असेल तर तुमची 5,000 ची भिंत खरी नाही, तिच्या मागे ठेव उभी आहे. शाखेत जाऊन "या खात्याला स्वीप नको" असं लेखी द्या.

दोन, पेन्शनच्या खात्यालाही तोच मोबाइल नंबर आहे ना? यूपीआय ॲप खाती शोधतं ती मोबाइल नंबरवरून. त्यामुळे तुमचा फोन आणि कार्डाचे आकडे दुसऱ्याच्या हाती गेले, तर तो पेन्शनचं खातंही त्याच ॲपला जोडू शकतो. छोट्या खात्याने दुकानातल्या चुकीचं नुकसान मर्यादित राहतं, पण फोनच दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर पूर्ण बचाव होत नाही. म्हणून पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड घरात कपाटात ठेवा, पाकिटात नको, आणि त्याचा फोटो फोनमध्ये तर अजिबात ठेवू नका.

सांजवात

मग पैसे गेलेच तर बँक देते ना परत? मी ऐकलं की 3 दिवसांत कळवलं तर आपली जबाबदारी शून्य.

कृष्णाकाठ

तो नियम रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकातला आहे, आणि लोक त्याचा अर्धाच भाग सांगतात. चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, मधल्याच कुठेतरी छिद्र पडलं, तर 3 कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमचं नुकसान शून्य. पण तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवले, किंवा ओटीपी सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवायला 3 दिवस आहेत असं समजूच नका, लगेच कळवा.

फसवणूक लक्षात आली की पहिला फोन 1930 ला. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि तो यूटीआर नंबर विचारतात. पैसे अजून फसवणाऱ्याच्या खात्यात किंवा पुढच्या एखाद्या खात्यात असतील तर तिथेच गोठवता येतात. ते लोक पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवतात, त्यामुळे तासभर आधी फोन केला की फरक पडतो. दुसरा फोन बँकेला. लेखी तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते. पैसे नक्की परत मिळतील असं मी कोणाला सांगत नाही. गोठवलेले पैसे सोडवायलाही वेळ लागतो. अशा वेळी लाजून घरात लपवू नका, एवढंच कळकळीने सांगते. आमच्या काउंटरवर लोक दोन दिवसांनी यायचे, "मुलगा रागावेल" म्हणून.

रानवारा

ताई, एक विचारू? यूपीआय लाइटमध्ये पिन लागत नाही म्हणतात. आईच्या हाताला कंप आहे, पिन टाकताना चुकतो. तीनदा चुकला की बंद होतो. लाइट चालेल का?

कृष्णाकाठ

कंप असणाऱ्यांसाठी मला ते सोयीचं वाटतं. लाइटमध्ये आधी थोडे पैसे वेगळे काढून ठेवता येतात, जास्तीत जास्त 5,000, आणि एका वेळी 1,000 पर्यंत पिन न टाकता देता येतात. आपलं 385 चं बिल त्यात बसतं. पण पिन हाच तर थांबायचा पडदा, आणि तोच इथे निघून जातो. म्हणून लाइट वापरणाऱ्याने नाव आणि रक्कम एक पायरी आधीच वाचायची. आणि फोनला कुलूप असलंच पाहिजे, नाहीतर फोन उचलेल त्याच्या हाती तेवढे पैसे. त्यात 500 रुपयेच ठेवले तरी भाजी-औषधाचं काम होतं.

आण्णा_मिरज

माझं मत वेगळं. पिन नसलेली कुठलीही गोष्ट ज्येष्ठांना देऊ नये. हात थरथरला तर फोन टेबलावर ठेवून एका बोटाने सावकाश टाकावा. मी तसंच करतो.

कृष्णाकाठ

टेबलावर ठेवून टाकणं उत्तम, फक्त मागे कोणी उभं नाही ना बघा. लाइटबद्दल आपलं एकमत होणार नाही, आणि ते ज्याच्या त्याच्या हातावर अवलंबून आहे. दोन्ही करून बघा. रानवारा, फोनच्या सेटिंगमधून आईंसाठी अक्षरं मोठी करून द्या. पण फार मोठी केली की काही ॲपमध्ये खालचं बटण पडद्याबाहेर जातं. मधला आकार ठेवा आणि एकदा स्वतः 1 रुपया पाठवून बघा.

अबोली

सासूबाईंना आज दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने दुसऱ्यांदा आलेले पैसे मोजून परत दिले. मग त्यांनी स्वतः विचारलं, "नाव काय येतं?" त्याने बायकोचं नाव सांगितलं, तेच आलं. बिल 140 चं होतं. आता त्या विचारतायत, जुना फोन मोलकरणीला द्यायचा आहे, त्यात ॲप आहे. नुसतं पुसून टाकलं की झालं?

कृष्णाकाठ

ॲप नुसतं पुसू नका. आधी ॲप उघडून सेटिंगमधून बँक खातं काढा, मग ॲपमधून बाहेर पडा आणि सिम काढून घ्या. शेवटी फोन पूर्ण कोरा करायची सोय सेटिंगमध्ये असते, ती वापरा. त्याआधी लाइटमध्ये पैसे ठेवले असतील तर ते खात्यात परत वळवून घ्या, हे लोक हमखास विसरतात. नव्या फोनमध्ये तेच सिम घालून ॲप सुरू केलं की तो एसएमएस परत जाईल, तेव्हा रिचार्ज शिल्लक असू द्या.

फोन हरवला तर क्रम वेगळा. आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम कंपनीला फोन करून सिम बंद करायचं, मग बँकेला सांगून यूपीआय बंद करायचं. हे दोन्ही नंबर एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा. फोनमध्ये साठवले तर फोनबरोबरच जातील.